उंची कमी, कुर्ती लांब, पलाझो घेरदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी उंची ४ फूट ११ इंच. शिवणयंत्र हाताशी असल्यामुळे स्वतःच्या आणि मैत्रिणींच्या कितीतरी कुर्त्या उसवून पुन्हा शिवल्या आहेत. त्यातून पुन्हापुन्हा समोर आलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. पुढे वाचण्याआधी मापाची टेप जवळ घेतलीत तर बरं, कारण यातलं बरंचसं नजरेपेक्षा टेपवर ठरतं.

लांब कुर्ती आणि पलाझो घातला की मी आहे त्यापेक्षाही बुटकी दिसते. असं का होतं?

कारण तयार कुर्ती तुमच्या मापाची नसते, फक्त तुमच्या छातीच्या मापाची असते. तयार लांब कुर्तीची लांबी बहुतेक वेळा ४४ ते ४८ इंच असते. ती खांद्याच्या गळ्याजवळच्या टोकापासून खालच्या कडेपर्यंत मोजतात. आता ५ फूट उंचीच्या बाईचं याच टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर साधारण ५० इंच भरतं. दीड इंचाची चप्पल घातली तर ५१.५. म्हणजे ४६ इंचांची कुर्ती घातल्यावर खाली उरतात जेमतेम साडेपाच इंच. पलाझोची कड जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवली, तर पलाझो दिसतो फक्त ५ इंच.

तीच कुर्ती साडेपाच फूट उंचीच्या बाईने घातली, तर तशाच चपलेवर तिच्या कुर्तीखाली जवळजवळ १० इंच पलाझो दिसतो. तिच्या अंगावर कुर्ती आणि पलाझो असे दोन कपडे दिसतात. आपल्या अंगावर दिसते एक मोठी कुर्ती आणि तिच्याखालून डोकावणारी कापडाची एक पट्टी, जणू परकराची कड बाहेर आली आहे. डोळ्याला पाय कुठे सुरू होतात तेच कळत नाही, आणि पाय दिसले नाहीत की उंची हरवते.

म्हणून दोष लांब कुर्तीचाही नाही आणि पलाझोचाही नाही. तो या दोन कडांमधल्या अंतराचा आहे. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच अंतराशी येतील.

मग कुर्तीची लांबी किती ठेवायची?

आधी एक माप घ्या. रोज जी चप्पल घालता ती घालून सरळ उभ्या राहा. खांद्यावर, मानेला लागून जिथे गळ्याची कड येते, तिथे टेपचं टोक धरा. टेप छातीवरून खाली जमिनीपर्यंत सोडा. हे काम दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. स्वतः वाकून आकडा बघायला गेलं की टेप हलते आणि इंचभराची चूक सहज होते.

या मापाचा साधारण पाव भाग पलाझो दिसायला हवा. ५१.५ इंचांचा पाव भाग म्हणजे १३ इंचांच्या आसपास. म्हणजे कुर्ती ३८ ते ३८.५ इंच. ही लांबी गुडघ्याच्या चांगली खाली जाते, म्हणजे कुर्ती लांबच राहते, पण पायांना त्यांची जागा मिळते.

इथे एक गैरसमज वारंवार भेटतो. ‘कुर्तीची कड पोटरीच्या सगळ्यात जाड भागावर येऊ देऊ नका’ असं सांगितलं जातं. लेगिंग्जसाठी ते खरं आहे, कारण तिथे पोटरीचा आकार दिसतो आणि कड नेमकी रुंद जागी त्याला आडवी कापते. पलाझोच्या आत पोटरी दिसतच नाही. तिथे कड पोटरीवर आली की नडगीवर, याने काही बिघडत नाही. खाली किती पलाझो उरला एवढंच बघायचं.

म्हणजे ४२-४४ इंचांची कुर्ती मी घालायचीच नाही का? मला लांबच आवडते.

घाला, पण मग बाजूची स्लिट वर न्या. पाव भागापेक्षा कमी पलाझो दिसणार असेल, तर तो स्लिटमधून दिसला पाहिजे. चालताना कुर्तीचा पुढचा पल्ला बाजूला होतो, आतला पलाझो मांडीपासून खालपर्यंत एका सलग उभ्या रेषेत दिसतो, आणि पाय तिथून सुरू होतात असं डोळा धरून चालतो. लांब कुर्ती उंच दिसायला मदत करते ती अशी.

स्लिट कुठे सुरू व्हावी? ५ फुटांच्या आसपास उंची असेल तर खांद्यापासून १८ ते १९ इंचांवर. कंबर साधारण १४ इंचांवर येते, म्हणजे स्लिट कंबरेच्या चार-पाच इंच खाली उघडते. तयार कुर्तीत ती बऱ्याचदा २४-२५ इंचांवर सुरू झालेली असते. उंच बाईच्या अंगावर ती जागा नितंबांच्या थोडी खाली येते, आपल्या अंगावर थेट मांडीच्या मध्यावर. तोवर कुर्ती दोन्ही पायांभोवती नळीसारखी बंद असते. पाऊलही आखूड पडतं आणि दिसायला उशीचा अभ्रा घातल्यासारखं दिसतं.

स्लिट वर नेली की अंग दिसेल ही भीती रास्त आहे. आरशासमोर दोन गोष्टी करून बघा: एक हात वर करा, मग खुर्चीवर बसा. दोन्ही वेळा स्लिटच्या टोकाला पलाझोचं कापडच दिसत असेल तर जागा बरोबर आहे. पलाझो कंबरेवर न घालता बेंबीच्या खाली घालायची सवय असेल, तर मात्र स्लिट इंचभर खालीच ठेवा. समोरून मधोमध स्लिट असलेल्या कुर्त्याही चांगल्या दिसतात. त्यातली स्लिट गुडघ्याच्या वरून सुरू झाली तरी पुरते.

तयार कुर्ती खालून चार इंच कापून घेतली की झालं ना? शिंपी तर तेच करून देतो.

नाही, आणि सगळ्यात जास्त कुर्त्या इथेच बिघडतात. माझीही एक अशीच गेली. शिंप्याकडे ‘लांबी कमी करा’ एवढंच सांगितलं, त्याने तेवढंच केलं, आणि कुर्ती आधीपेक्षा वाईट दिसायला लागली. खालून कापल्याने कड वर येते, पण कंबरेचा आकार आणि स्लिट आहे तिथेच राहतात. शिवाय कापलेले चार इंच स्लिटमधूनच जातात. २१ इंचांची स्लिट १७ इंचांची होते. कुर्ती आखूड झाली तरी पाय मोकळे होण्याऐवजी आणखी बांधले जातात.

एका मैत्रिणीची कुर्ती आम्ही दोघींनी मिळून दुरुस्त केली, ती सगळी सांगते. तिची उंची बरोबर ५ फूट. कुर्ती ४६ इंच, रेयॉनची, स्लिट २५ इंचांवर. तिला कुर्ती लांबच हवी होती, म्हणून ३८ वर न आणता ४२ इंचांवर थांबायचं ठरवलं. खाली ९ इंच पलाझो दिसणार होता, पाव भागापेक्षा कमी, म्हणजे स्लिट वर नेणं भाग होतं.

आधी कुर्ती घालून आरशासमोर उभं राहून बघितलं. पाठीच्या खालच्या भागात आडव्या सुरकुत्या पडत होत्या. याचा अर्थ कुर्तीची कंबर तिच्या कंबरेपेक्षा खाली होती. कुर्तीचा सगळ्यात अरुंद भाग नितंबांच्या वरच्या फुगवट्यावर अडकत होता आणि वरचं कापड गोळा होत होतं. मोजलं तर कुर्तीची कंबर १५.५ इंचांवर, तिची १४ वर.

कंबर वर आणायचे दोन मार्ग असतात. एक म्हणजे खांद्याची शिवण उसवून पुढून आणि मागून अर्धा-अर्धा इंच आत घ्यायची. याने सगळी कुर्ती अर्धा इंच वर उचलली जाते, पण मुंढ्याचा, म्हणजे बाही जिथे जोडतात तिथला गोल इंचभर लहान होतो आणि बाही उसवून पुन्हा बसवावी लागते. मुंढा खाली लोंबत असेल, आणि कमी उंचीच्या बायकांना तयार कुर्तीत तो लोंबतोच, तेव्हा हा उपाय एका दगडात दोन पक्षी मारतो. मुंढा आधीच नेमका असेल तर याच्या वाटेला जाऊ नका, काखेत काचेल. तिचा मुंढा बरोबर होता. म्हणून दुसरा मार्ग धरला: बाजूची शिवण उसवली, १५.५ इंचांवरचा आत गेलेला बाक मार्जिनमधलं, म्हणजे शिवणीच्या आत राखलेलं कापड सोडून सैल केला आणि १४ इंचांवर थोडा आत घेतला. मार्जिनमध्ये प्रत्येक बाजूला अर्धाच इंच कापड होतं, पण तेवढं पुरलं.

मग स्लिट. त्याच बाजूच्या शिवणी २५ इंचांपासून वर १८.५ इंचांपर्यंत उसवल्या. शिवण आधीच मोकळी होती, त्यामुळे हे काम आयतंच झालं. मार्जिनच्या कडा आत दुमडून टीप मारली आणि स्लिटच्या टोकाला दोन्ही पल्ले धरून आडवी घट्ट टीप मारली. हे टोक सोडलं तर बसता-उठताना शिवण तिथून वर वर उसवत जाते.

खालची कड सगळ्यात शेवटी. ४२ अधिक दुमडायला १ इंच, असं ४३ वर कापलं. कापण्याआधी कुर्ती रात्रभर हँगरला लटकवून ठेवली होती, कारण रेयॉन स्वतःच्या वजनाने खाली उतरतं. नव्या कुर्तीची कड दोन-तीन धुण्यांनंतर वाकडी दिसते ती बऱ्याचदा याचमुळे.

क्रम लक्षात ठेवा: आधी कंबर, मग स्लिट, मग कड. उलट केलंत तर कड दोनदा कापावी लागते, आणि दुसऱ्यांदा कापायला कापड उरलेलं नसतं.

कुर्तीच्या तळाला काठ आहे. तो कापला तर शोभाच जाईल.

काठ उसवा किंवा काठाच्या वरच्या रेषेवर कापा, मधलं जास्तीचं कापड काढा आणि काठ पुन्हा जोडा. कुर्ती खाली पसरत जाणारी असेल तर वरची रुंदी काठापेक्षा कमी भरते. हा फरक स्लिटच्या दोन्ही टोकांना काठ कापून मिटवायचा, मध्ये चुण्या घालून नाही. काठावर मोठी नक्षी असेल तर आधी तिचा मध्य कुर्तीच्या मध्याशी टाचणीने लावून घ्या.

काठ ४ इंचांहून रुंद असेल आणि कुर्तीपेक्षा अगदी वेगळ्या रंगाचा असेल, तर मात्र माझं मत थोडं कडक आहे. असा काठ पायांवर जाड आडवी रेघ मारतो. तो अर्धा दुमडून आत घ्या, किंवा अशी कुर्ती घेऊच नका.

पलाझो कुठून कमी करायचा, खालून की वरून?

बहुतेकींना वाटतं खालून. पण आधी आसन तपासा. आसन म्हणजे कंबरेपासून दोन पायांच्या जोडापर्यंतचा भाग. तयार पलाझोत तो उंच अंगाला धरून कापलेला असतो, आणि कमी उंचीच्या बाईच्या अंगावर जोड खाली लोंबतो. मग पाय तिथून सुरू झाल्यासारखे दिसतात, म्हणजे आणखी दोन इंच आखूड. कुर्तीच्या आत हे दिसत नाही असं वाटतं, पण स्लिट वर नेली की दिसतं, आणि चालताना मांड्यांमध्ये कापडाचा गोळा होतो तो आधीपासूनच जाणवत असतो.

मापायचं असं: सपाट, कडक खुर्चीवर ताठ बसा. कंबरेपासून खुर्चीपर्यंत बाजूने मोजा. त्यात दीड इंच सैलपणा मिळवा. माझ्या मैत्रिणीचं हे माप साडेदहा अधिक दीड, म्हणजे १२ इंच आलं. तिच्या पलाझोचं आसन नेफा धरून १३.५ होतं. म्हणजे दीड इंच जास्त.

पलाझोची एकूण लांबी ३९ होती. तिची कंबर ते जमीन, चपलेसकट, ३८.५. जमिनीपासून अर्धा इंच सोडला तर हवी ३८. नेफा उसवून वरून दीड इंच काढला असता तर लांबी साडेसदतीस झाली असती, अर्धा इंच कमीच. म्हणून वरून एकच इंच काढला, इलॅस्टिक पुन्हा ओवलं आणि आसनात अर्धा इंच जास्त राहू दिला. खालची कड शिवावीच लागली नाही. पलाझोच्या तळाला भरतकाम किंवा लेस असेल तर हा मार्ग आणखीच सोयीचा.

वरून काढताना एवढंच बघा की नवा कंबरेचा गोल नितंबांवरून सहज वर चढतो. पलाझोला बाजूला चेन आणि पुढे पट्टा असेल, तर वरून कमी करण्याचं काम घरी करू नका. चेन आणि पट्टा दोन्ही नव्याने बसवावे लागतात.

घेर किती असावा?

पलाझोच्या एका पायाची खालची कड जमिनीवर सपाट पसरून मोजा. १७-१८ इंच भरत असेल तर ५ फुटांच्या अंगाला तो घेर जास्त आहे, १२ ते १४ पुरतो. तरीही तो पलाझोच दिसतो, सरळ पँट नाही. मोठा घेर हवाच असेल तर कुर्ती सरळ कापाची घ्या. दोन्ही घेरदार घेतले की खालचा भाग तंबू होतो. कुर्ती आणि पलाझोपैकी एकच पसरलेला, हा नियम मी स्वतः तरी मोडत नाही.

घेर कमी करताना शिंप्याला सांगा की आतल्या आणि बाहेरच्या, दोन्ही शिवणींतून सारखं कापड काढायचं, आणि मांडीपासून सुरुवात करायची. फक्त बाहेरून काढलं तर कापडाचा उभा धागा तिरका होतो आणि चालताना शिवण नडगीवर फिरून पुढे येते. गुडघ्यापासून खालीच काढलं तर पलाझो गाजरासारखा दिसतो.

मी अगदी लहान साइझ घेते. ती कमी उंचीसाठीच असते ना?

नाही. साइझ लहान होते ती घेराने. लांबी एकाच कुर्तीच्या सगळ्या साइझमध्ये जवळपास सारखी ठेवतात, फार तर अर्धा-पाऊण इंचाचा फरक. त्यामुळे लहान साइझ घेऊन लांबीचा प्रश्न सुटत नाही, छातीवर मात्र ताण येतो. साइझच्या तक्त्यात छातीचं माप बघाच, पण लांबीचा रकाना वेगळा बघा, आणि वर सांगितलेलं तुमचं खांदा ते जमीन माप त्याच्या शेजारी ठेवून वजाबाकी करा. फोटोतल्या मुलीच्या अंगावर कुर्ती कुठे येते ते बघून काहीच कळत नाही, तिची उंची दिलेली असेल तरच त्याचा उपयोग.

अंग भरलेलं आहे आणि उंचीही कमी. मग?

लांबीचं गणित तेच राहतं. फरक पडतो तो दोन जागी. छाती भरलेली असेल तर कुर्तीचा पुढचा भाग वर उचलला जातो आणि पुढची कड मागच्यापेक्षा अर्धा ते एक इंच वर दिसते. म्हणून कड कापताना कुर्ती टेबलावर पसरून न कापता अंगावर घालूनच खूण करा, पुढची आणि मागची वेगळी. दुसरं म्हणजे स्लिट नितंबांच्या सगळ्यात रुंद जागेच्या वर उघडली पाहिजे, नाहीतर पल्ले ताणून दोन बाजूंना फाकतात आणि पूर्ण रुंदी उघडी पडते. उभं राहिल्यावर स्लिटचे दोन्ही पल्ले मिटलेले राहिले पाहिजेत. ते फाकत असतील तर स्लिट आणखी इंचभर वर न्या किंवा नितंबांवर सैल सोडा.

कुर्ती आणि पलाझो एकाच रंगाचे घ्यावेत का? आणि आडवे पट्टे?

एकच रंग किंवा जवळच्या छटा असल्या की दोन्ही कडांमधली रेघ पुसट होते, मग अंतर थोडं चुकलं तरी खपतं. म्हणूनच शिवायला वेळ नसेल तेव्हा मी एकरंगी जोड घालते. गडद कुर्तीखाली पांढरा पलाझो ही सगळ्यात कठीण जोडी, तिथे लांबी अगदी नेमकी लागते. उलट फिकी कुर्ती आणि गडद पलाझो तितका त्रास देत नाही, कारण गडद रंग जमिनीकडे सरकत जातो.

आडव्या पट्ट्यांना मात्र उगाच बदनाम केलं आहे. हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ सालीच लिहून ठेवलं होतं की आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच दिसतो. २०११ मध्ये ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी कपड्यांच्या संदर्भात ते तपासलं, आणि आडव्या पट्ट्यांनी बाई जाड दिसत नाही असंच त्यांना आढळलं. माझा स्वतःचा अनुभवही तसाच आहे: बारीक, एकसारखे आडवे पट्टे अंगावर त्रास देत नाहीत. त्रास देते ती एकच ठळक आडवी रेघ, म्हणजे कंबरेवरचा रुंद पट्टा, तळाचा वेगळ्या रंगाचा काठ किंवा मांडीवर संपणारी वेगळ्या रंगाची घेरदार झालर.

कापड कोणतं?

खाली पडणारं. रेयॉन, क्रेप, जॉर्जेट, मऊ झालेलं सुती. कडक सुती कापड आणि जाड लिनन अंगापासून दूर उभं राहतं, त्यात घेर आहे त्याहून मोठा दिसतो. कडक सुती आवडत असेल तर पलाझोचा घेर १२ इंचांवरच ठेवा. आणि शिवायला टाकण्याआधी धुवा, सुती आणि रेयॉन दोन्ही पहिल्या धुण्यात आटतात. अर्ध्या इंचावर सगळं गणित ठेवलेल्या बाईला हा फटका परवडत नाही.

बाह्या?

पाऊण बाही म्हणून विकलेली बाही आपल्या हातावर मनगटाच्या दोन बोटं वर येते. ती पाऊणही दिसत नाही आणि पूर्णही. कोपराच्या दोन-तीन इंच खाली कापून घ्या.

टाच घालायलाच हवी का?

मुळीच नाही. पण ठरवून टाका. पलाझो ज्या चपलेवर मापला त्याच चपलेवर घालायचा. दीड इंचाच्या टाचेवर मापलेला पलाझो सपाट चपलेवर इंचभर जमिनीवर लोळतो, चार दिवसांत कड फाटते, आणि घोट्यावर कापडाचा ढीग जमतो. सपाट चपलेवर मापलेला टाचेवर घातला तर पाऊल उघडं पडतं आणि पलाझो आखूड झाल्यासारखा दिसतो. मी दोन पलाझो सपाट चपलेचे आणि दोन टाचेचे ठेवले आहेत, नेफ्याच्या आतल्या बाजूला वेगळ्या रंगाचा टाका घालून ओळखते.

ओढणी घेतली की सगळं बिघडतं.

कारण ओढणीही उंच अंगासाठी कापलेली असते. अडीच मीटरची ओढणी म्हणजे ९८ इंच. एका खांद्यावर मधोमध टाकली तर पुढे आणि मागे ४९-४९ इंच लोंबते. तुमचा खांदा ते जमीन ५० इंच, म्हणजे ओढणी जवळजवळ जमिनीला टेकते आणि कुर्तीची कड, पलाझोची कड, दोन्ही झाकून टाकते. इतका वेळ जे माप जुळवलं ते सगळं ओढणीच्या मागे.

एका खांद्यावर घेताना ओढणीची टोकं कुर्तीच्या कडेच्या चार-पाच इंच वर थांबू द्या. ४२ च्या कुर्तीवर ३७-३८ इंच. त्यासाठी ओढणी खांद्यावर मागे-पुढे सरकवून उपयोग नाही, एक टोक वर गेलं की दुसरं तेवढंच खाली जातं. ओढणी जड काठांची नसेल तर सरळ दोन मीटरची, म्हणजे साधारण ७९ इंचांची करून टाका. मधोमध टाकली की दोन्हीकडे साडेएकोणचाळीस इंच येतात, आणि खांद्यावर चुण्या घालून पिन लावली की त्यातला इंच-दीड इंच आपोआप खाल्ला जातो. काठ असतील तर कापू नका. तिचा गळ्याभोवती एक सैल वेढा घ्या, त्यात दोन्हीकडचे दहा-बारा इंच सहज मुरतात.